सात दारांचा हिशेब

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की भिलाईत कोचिंगच्या जाहिरातींचा हंगाम सुरू होतो. सिव्हिक सेंटर, नेहरू नगर, सुपेला, जीई रोडच्या दोन्ही बाजू, सगळीकडे हसऱ्या मुलांचे फोटो आणि त्यांचे गुण झळकू लागतात. पोलाद कारखान्याभोवती सेक्टरांमध्ये वसलेल्या या शहरात मुलाला आयआयटीत घालायचं स्वप्न घरोघरी जुनं आहे. २०१६ साली आयआयटी भिलाई सुरू झाली, तेव्हा ते अधिकच जवळचं वाटू लागलं. दुर्ग, राजनांदगाव, बालोद, दल्ली राजहरा इथूनही मुलं इथल्या क्लासांत येतात.

रस्त्यावरच्या फलकाचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही. फलक पाहून कोण आलं, कोण नुसतंच पुढे गेलं, हे कळायला मार्ग नाही. इंटरनेटवरच्या जाहिरातीचं तसं नाही. तिथे प्रत्येक क्लिकचे पैसे वेगळे मोजले जातात आणि क्लिक करणारा वेबसाइटच्या नेमक्या कोणत्या पानावर उतरला, त्याचीही नोंद राहते. या उतरण्याच्या पानाला लँडिंग पेज म्हणतात. आपण त्याला दार म्हणू. क्लासच्या वेबसाइटला अशी अनेक दारं असतात आणि जाहिरातीचा पैसा त्या सगळ्यांत वाटला जातो. कोणतं दार उघडं ठेवायचं, कोणती दोन दारं एक करायची आणि कोणत्या दाराची डागडुजी करायची, हे ठरवणारा अहवाल कसा वाचायचा, ते या प्रकरणात पाहू.

त्यासाठी भिलाईतल्या एका मध्यम आकाराच्या क्लासचा नमुना घेऊ. हा क्लास आणि त्याचे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत. मात्र त्यातला प्रत्येक घोटाळा असा आहे, की जाहिरातीचा हिशेब ठेवणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच.

आधी नावं एक करा

गूगल अ‍ॅड्समध्ये `Landing pages` नावाचा अहवाल तयार मिळतो. त्यात प्रत्येक पत्त्यापुढे क्लिक, खर्च आणि चौकशा दिसतात. आपल्या क्लासचा १ एप्रिल ते ३० जून असा तीन महिन्यांचा अहवाल काढला, तर पहिल्याच नजरेला तेवीस ओळी दिसतात. क्लासच्या सरांना धक्का बसतो, कारण पानं मुळात सातच आहेत.

उरलेल्या ओळी येतात कुठून? एकाच पानाचा पत्ता वेगवेगळ्या जाहिरातींत वेगवेगळ्या तऱ्हेने टाकलेला असतो. कुणी शेवटी तिरकी रेघ दिली, कुणी दिली नाही. कुणी सुरुवातीला `www` लावलं, तर कुणी जाहिरातीची खूण म्हणून शेपटी जोडली:

```
/jee-bhilai
/jee-bhilai/
www… /jee-bhilai
/jee-bhilai?utm_campaign=april
```

माणसाला हे चारही पत्ते एकाच पानावर नेतात. अहवाल मात्र त्यांना चार पानं समजतो. परिणाम असा होतो, की ८६० क्लिक मिळालेलं भक्कम पान २००-२०० क्लिकच्या चार किरकोळ पानांसारखं दिसतं आणि त्यांतल्या एखाद्या ओळीत योगायोगाने चौकशा कमी आल्या, तर ते बंद करावंसं वाटतं. म्हणून पहिलं काम म्हणजे प्रश्नचिन्हापुढचं सगळं कापायचं, शेवटची तिरकी रेघ काढायची, `www` असलेले आणि नसलेले पत्ते एक मानायचे आणि मग बेरीज करायची. स्प्रेडशीटमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. एकच काळजी घ्यायची. प्रश्नचिन्हापुढचा मजकूर बदलला की पानावरचा मजकूरही बदलत असेल, उदाहरणार्थ `?city=durg` लिहिलं की दुर्गची माहिती उघडत असेल, तर ती शेपटी कापायची नाही. ते खरोखरच वेगळं दार आहे.

दुसरी काळजी तारखांची. आज क्लिक केलेला पालक आजच फॉर्म भरतो असं नाही. तो घरी विचारतो, दोन-तीन क्लास पाहतो आणि आठवड्याने परत येतो. गूगल अ‍ॅड्स ती चौकशी क्लिक झाली त्या तारखेच्या खात्यावर मांडतं. त्यामुळे ३० जूनला अहवाल काढला, तर जूनचा शेवटचा आठवडा कोरडा दिसतो. तोच अहवाल जुलैच्या मध्यावर काढला, तर त्याच आठवड्यात चौकशा भरलेल्या दिसतात. आपण जुलैच्या मध्यावरच काढू.

सात ओळींचा तक्ता

नावं एक केल्यावर तक्ता असा उरतो:

| पान | क्लिक | खर्च (रु.) | चौकशा | शंभर क्लिकमागे चौकशा | एका चौकशीचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| मुखपृष्ठ | १,२४० | १४,९२० | ७४ | ६.० | २०२ |
| `/jee-bhilai` | ८६० | २५,८०० | ३१ | ३.६ | ८३२ |
| `/dropper-batch` | ४१० | ११,४८० | २५ | ६.१ | ४५९ |
| `/repeater-batch` | १३० | ३,६४० | ३ | २.३ | १,२१३ |
| `/neet-durg` | ५२० | १४,५६० | ४ | ०.८ | ३,६४० |
| `/teacher-vacancy` | ३४० | ३,०६० | २२ | ६.५ | १३९ |
| `/foundation-9-10` | ६० | १,२०० | ० | ० | – |

शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून लगेच निर्णय करावा असं कुणालाही वाटेल. १३९ रुपयांत चौकशी देणारं पान सर्वांत चांगलं, मुखपृष्ठ दुसरं, दुर्गचं नीटचं पान सर्वांत वाईट, फाउंडेशनचं तर बंदच करावं. या चारही निष्कर्षांत चूक आहे. ती चूक कुठे आहे, हे एकेक पान उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत स्वस्त पान

`/teacher-vacancy` हे पान क्लासने कधीच जाहिरातीसाठी निवडलं नव्हतं. भौतिकशास्त्राचे एक शिक्षक हवे होते, म्हणून ते वेबसाइटवर टाकलेलं. मग त्यावर पैसे भरलेले ३४० क्लिक आले कसे?

गूगलच्या परफॉर्मन्स मॅक्स प्रकारच्या मोहिमेत `Final URL expansion` नावाची सोय असते. ती चालू असली, की आपण दिलेल्या पानाऐवजी शोधणाऱ्याच्या शब्दांशी जुळेल असं वेबसाइटवरचं दुसरं पानही गूगल स्वतः निवडू शकतं. शिक्षकाची नोकरी शोधणाऱ्या माणसाला शिक्षक भरतीचं पान अगदी जुळतं. यंत्राच्या बाजूने पाहिलं, तर त्याने बरोबरच काम केलं.

खरी गडबड पुढे आहे. शिक्षकाच्या अर्जाचा फॉर्म आणि प्रवेशाच्या चौकशीचा फॉर्म, दोन्ही भरल्यावर ‘धन्यवाद’ हे एकच पान उघडतं आणि ते उघडलं की एक चौकशी मोजली जाते. म्हणजे त्या २२ चौकशा विद्यार्थ्यांच्या नव्हत्याच, नोकरीच्या अर्जांच्या होत्या. आणि नुकसान ३,०६० रुपयांवर थांबत नाही. अशी मोहीम आपल्या चौकशांवरून शिकत असते आणि जिथे चौकशी स्वस्त मिळते तिकडे पैसा वळवते. बावीस अर्ज चौकशा म्हणून मोजले गेले, तर ती आणखी नोकरी शोधणारे आणून देणार.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायला हवेत. मोहिमेच्या सेटिंगमध्ये हा पत्ता वगळायचा आणि शिक्षकांच्या फॉर्मसाठी वेगळं धन्यवाद-पान करून ते चौकशांच्या मोजणीतून काढायचं. वेबसाइटवरून मात्र हे पान काढायचं नाही. क्लासला शिक्षक हवेच आहेत. या अहवालात ‘बंद’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की या दारावर पैसे देऊन माणूस आणायचा नाही.

एका दारावर दोन गर्दी

आता मुखपृष्ठ. शंभर क्लिकमागे ६ चौकशा, म्हणजे `/jee-bhilai` च्या दीडपटीहून अधिक. मग सगळ्या जाहिराती मुखपृष्ठावरच का नेऊ नयेत?

याचं उत्तर पानात सापडत नाही, आलेल्या माणसांत सापडतं. मुखपृष्ठावर येणारे लोक कोणते शब्द शोधून आले, त्याची फोड केली तर दोन गर्दी वेगळ्या होतात. ९०० क्लिक क्लासचं नाव टाइप करून आलेल्यांचे आहेत. या लोकांना शेजाऱ्याने किंवा मित्राने क्लास आधीच सुचवलेला असतो, ते फक्त फोन नंबर किंवा फी शोधत असतात. त्यांचा एक क्लिक ६ रुपयांना पडला आणि त्यांच्याकडून ६८ चौकशा आल्या. उरलेले ३४० क्लिक ‘भिलाई में आईआईटी कोचिंग’ अशा सर्वसाधारण शब्दांवरून आलेले. त्यांचा एक क्लिक २८ रुपयांना पडला आणि चौकशा आल्या फक्त ६.

म्हणजे क्लास न ओळखणाऱ्या माणसाच्या बाबतीत मुखपृष्ठाचा दर शंभरामागे १.८ आणि एका चौकशीचा खर्च सुमारे १,५८७ रुपये. त्याच प्रकारच्या अनोळखी माणसाला `/jee-bhilai` हे पान शंभरामागे ३.६ चौकशा देतं, ८३२ रुपयांत. एकूण सरासरीत जिंकलेलं मुखपृष्ठ सारख्याला सारखं लावून पाहिलं की हरतं. या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती हीच: दोन पानांची तुलना करायच्या आधी दोन्हींवर एकाच तऱ्हेची माणसं आली आहेत का, ते पाहायचं. नाव शोधून आलेले वेगळे, विषय शोधून आलेले वेगळे, व्हिडिओ पाहताना मध्येच जाहिरात दिसली म्हणून आलेले आणखी वेगळे. या तिघांना एका रकान्यात घातलं, तर चौकशांचा आकडा पानाचं काम सांगत नाही, गर्दीचा स्वभाव सांगतो.

निर्णय: मुखपृष्ठ ठेवायचं, पण फक्त क्लासचं नाव शोधणाऱ्यांसाठी. सर्वसाधारण शब्दांच्या जाहिरातींचा पत्ता बदलून `/jee-bhilai` करायचा. एकदम सगळ्यांचा मात्र बदलायचा नाही. मेमधल्या पालकाची घाई आणि जुलैतल्या पालकाची घाई सारखी नसते. मेमध्ये जुनं पान आणि जुलैत नवं पान लावून तुलना केली, तर फरक पानाचा की हंगामाचा, हे कधीच कळणार नाही. म्हणून त्याच आठवड्यांत निम्म्या लोकांना जुना पत्ता आणि निम्म्यांना नवा, असा प्रयोग गूगल अ‍ॅड्समध्येच लावता येतो. तो लावायचा.

ड्रॉपर आणि रिपीटर

बारावीनंतर एक वर्ष थांबून पुन्हा प्रवेश परीक्षा देणाऱ्या मुलाला महाराष्ट्रात आपण रिपीटर म्हणतो. भिलाईत त्याला ड्रॉपर म्हणतात, कारण त्याने एक वर्ष ‘ड्रॉप’ घेतलेलं असतं. क्लासची वेबसाइट पहिल्यांदा नागपूरच्या एकाने बनवली आणि त्याच्या तोंडात बसलेला शब्द त्याने पानाला दिला, `/repeater-batch`. पुढे भिलाईतल्या कुणी तरी `/dropper-batch` हे पान नव्याने बनवलं. जुनं कुणी काढलं नाही. दोन्ही पानांवर बॅच तीच, फी तीच, शिक्षक तेच.

इथे आकडे पाहण्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा: या दोन दारांशी येणारी माणसं वेगळं काही मागतात का? ते कळण्यासाठी सर्च टर्म्सचा अहवाल उघडायचा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द. ‘जेईई ड्रॉपर बैच भिलाई’ हेच शब्द टाइप करणारे काही लोक एका पानावर आणि काही दुसऱ्या पानावर पोहोचत असतील, तर ही दोन दारं एकाच खोलीची आहेत. आपल्या नमुन्यात तसंच घडतं. अशा वेळी दोन पानं ठेवण्यात तोटाच आहे. फी बदलली की दोन ठिकाणी बदलावी लागते, एका ठिकाणी राहून जाते, आणि १३० क्लिकवर आलेल्या तीन चौकशा इतक्या थोड्या असतात, की त्यावरून पानाविषयी ठामपणे काही म्हणता येत नाही.

आता याच्या उलट बाजू. `/jee-bhilai` आणि `/dropper-batch` या दोन्हींचा विषय जेईई आहे. मग तीही एक करायची का? नाही. अकरावीत जाणाऱ्या मुलाचे पालक दोन वर्षांची फी आणि शाळेच्या वेळा विचारतात. ड्रॉपर मुलगा बहुधा स्वतःच येतो आणि विचारतो, की बॅच कधी सुरू होणार आणि माझ्या गेल्या वर्षीच्या गुणांवर सवलत मिळेल का. विषय एकच असला तरी प्रश्न वेगळे, म्हणून दारं वेगळी. एकत्र करायची कसोटी ही, की एकाच मथळ्याने आणि एकाच फॉर्मने दोघांचंही समाधान होतं का. होत असेल तरच एक करायचं.

एकत्र करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी `/repeater-batch` वरचा जो चांगला मजकूर दुसऱ्या पानावर नाही, तो तिकडे न्यायचा. ‘रिपीटर’ हा शब्दही एका ओळीत तिथे ठेवायचा, कारण गोंदिया-नागपूरकडून बदली होऊन आलेली कुटुंबं तोच शब्द शोधतात. मग जाहिरातींतला `Final URL` बदलायचा. पत्ता बदलला की जाहिरात पुन्हा तपासणीला जाते, म्हणून हे काम प्रवेशाच्या ऐन गर्दीत करू नये. सर्वांत शेवटी जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमची वाट लावायची, तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात.

या वाटेवर एक खड्डा हमखास असतो. जाहिरातीवरून आलेल्या प्रत्येक माणसाच्या पत्त्याला गूगल `gclid` नावाची चिठ्ठी जोडतं. रीडायरेक्ट नीट लावला नसेल, तर ही चिठ्ठी वाटेत गळून पडते. माणूस पानावर पोहोचतो, पण तो जाहिरातीवरून आला हे हिशेबाला कळत नाही. तपासायला एक आज्ञा पुरते:

```
curl -sI "https://example.com/repeater-batch?gclid=test123"
```

उत्तरातली `location` ही ओळ वाचायची. तिथे `/dropper-batch?gclid=test123` असं पूर्ण दिसलं तर वाट नीट आहे. शेपटीशिवाय नुसतं `/dropper-batch` दिसलं, तर वेबसाइट सांभाळणाऱ्याला लगेच दुरुस्ती सांगायची.

दुर्गचं दार का अडतं?

`/neet-durg` वर १४,५६० रुपये गेले आणि चौकशा चार. हे पान बंद करावं असं सरांना वाटणं साहजिक आहे. पण शोधलेले शब्द पाहिले, तर ते ‘नीट कोचिंग दुर्ग’ असेच आहेत. म्हणजे माणसं योग्य आहेत आणि योग्य दारावर आली आहेत. माणूस योग्य आणि निकाल वाईट, असं दिसलं की पान बंद करायचं नाही, ते दुरुस्त करायचं. प्रश्न एवढाच, की बिघाड कुठे आहे?

पहिली तपासणी: गूगल अ‍ॅड्स म्हणतं ५२० क्लिक झाले, तर गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये या पानावर जाहिरातीतून आलेल्या भेटी किती? ३२२. क्लिक आणि भेटी कधीच तंतोतंत जुळत नाहीत, थोडा फरक सगळीकडे असतो. म्हणून शेजारच्या पानाशी ताडून पाहायचं. `/jee-bhilai` वर ८६० क्लिकच्या ७९० भेटी झाल्या, म्हणजे आठ टक्के गळती. दुर्गच्या पानावर अडतीस टक्के. हा फरक बोलका आहे.

गळतीची दोन मोठी कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. `gclid` ची चिठ्ठी हरवत असेल, तर माणसं पानावर आलेली असतात, पण त्यांची नोंद जाहिरातीऐवजी साध्या शोधाच्या खात्यात होते. म्हणजे त्या पानाच्या साध्या शोधातल्या भेटी अचानक फुगलेल्या दिसतात. त्या फुगलेल्या नसतील, तर माणसं पान उघडायच्या आधीच परत गेली. इथे तसंच झालं आहे. पान फार सावकाश उघडतं.

गूगलच्या मापाप्रमाणे पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर वेग चांगला मानतात. `PageSpeed Insights` या मोफत साधनात पत्ता टाकला की वेग तपासता येतो. मात्र थोड्या भेटी असलेल्या पानासाठी तिथे खऱ्या वापरणाऱ्यांचे आकडे बहुधा मिळत नाहीत, प्रयोगशाळेतलाच अंदाज मिळतो. म्हणून सोपा मार्ग असा: एखादा स्वस्त अँड्रॉइड फोन घ्यायचा, वायफाय बंद करायचं, दुर्ग स्टेशनबाहेर उभं राहायचं आणि पान उघडायचं. आपल्या पानावर वरचं यशस्वी विद्यार्थ्यांचं एकच चित्र चार एमबीचं निघालं. डिझायनरने छापायच्या फलकाची फाइलच तशीच वेबसाइटवर चढवली होती. ते चित्र दोनशे केबीच्या आत आणलं, तरी फोनवर त्यात काही कमी दिसत नाही.

दुसरा बिघाड हिशेबातला. फोन नंबर त्याच चित्रात छापलेला होता. तो दिसतो, पण त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही आणि कुणी नंबर पाहून हाताने लावला, तर त्याची मोजणी होत नाही. स्वागतकक्षातल्या ताईंच्या वहीत पाहिलं, तेव्हा या तीन महिन्यांत नीटची चौकशी करणारे दुर्गचे अकरा फोन सापडले. ते सगळेच जाहिरातीवरून आले असं म्हणता येत नाही. पण या पानाच्या चार चौकशा हा पूर्ण आकडा नाही, एवढं नक्की. नंबर चित्रातून काढून असा लिहायचा:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

आणि त्यावर दाबणं हीही चौकशी म्हणून मोजायची.

दुरुस्ती लागू पडली का, हे कळायला चौकशांची वाट पाहत बसायचं नाही, त्या सावकाश येतात. क्लिक आणि भेटी यांच्यातली गळती आठवडाभरातच उतरायला हवी, अडतीस टक्क्यांवरून शेजारच्या पानाच्या आसपास. ती उतरली नाही, तर खरा बिघाड अजून सापडलेला नाही. ती उतरली आणि तरी महिन्याभरात चौकशा वाढल्या नाहीत, तर मात्र अडचण पानाच्या मजकुरात आहे. दुर्गच्या पालकाला बहुधा पहिला प्रश्न हा असतो, की मुलगी रोज भिलाईला कशी जाणार. पानावर बसच्या वेळा नसतील, तर वेग वाढवून ते उत्तर मिळणार नाही.

साठ क्लिक आणि शून्य

उरलं फाउंडेशनचं पान. साठ क्लिक आणि एकही चौकशी नाही. शून्य पाहून हात आखडतो. पण साठ क्लिकमधला शून्य किती बोलका असतो?

एक सोपा आडाखा आहे. एकही चौकशी आली नसेल, तर तीनला क्लिकच्या संख्येने भागायचं. येईल तो या पानाचा जास्तीत जास्त शक्य दर, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. तीन भागिले साठ म्हणजे पाच टक्के. म्हणजे या पानाचा खरा दर शून्य असू शकतो, तसाच चार टक्केही असू शकतो. चार टक्के असेल, तर ते `/jee-bhilai` पेक्षा चांगलं ठरेल. एखाद्या पानाचा खरा दर तीन टक्के असला, तरी पहिल्या साठ क्लिकमध्ये एकही चौकशी न येण्याची शक्यता सहांत एक असते. फासा टाकून एक पडण्याइतकी.

म्हणून या पानाचा निर्णय आज करायचा नाही. निर्णय कधी करायचा, तेवढं मात्र आजच लिहून ठेवायचं. आणखी चाळीस क्लिक होऊ द्यायचे, म्हणजे वीस रुपये दराने आठशे रुपये. शंभरावरही शून्यच राहिलं, तर दर तीन टक्क्यांच्या खाली आहे असं मानायचं आणि पान दुरुस्तीला घ्यायचं. आठशे रुपयांत हे कळत असेल, तर ते महाग नाही.

निर्णयाचा कागद

शेवटी सातही दारांचं एका कागदावर उतरतं. मुखपृष्ठ, `/jee-bhilai` आणि `/dropper-batch` ठेवायची, त्यांतल्या मुखपृष्ठाची गर्दी बदलायची. `/repeater-batch` ड्रॉपरच्या पानात विलीन करायचं. `/neet-durg` दुरुस्त करायचं. `/teacher-vacancy` वर पैसे देऊन माणूस आणायचा नाही. `/foundation-9-10` बाबत शंभर क्लिकपर्यंत थांबायचं. प्रत्येक ओळीपुढे तारीख, कारण आणि काय दिसलं तर हा निर्णय चुकला असं समजायचं, ते लिहायचं. हे शेवटचं लिहिलं नाही, तर पुढच्या हंगामात पान कुणी आणि कशासाठी बदललं, हे कुणालाच आठवत नाही आणि तीच चर्चा पहिल्यापासून होते.

या तक्त्यात एक रकाना अजून कमी आहे. चौकशी म्हणजे प्रवेश नव्हे. एखादं पान स्वस्तात चौकशा देतं, पण त्यातला एकही मुलगा बाकावर येऊन बसत नाही, तर दुसरं महागात चौकशा देऊन मुलं आणतं. हा फरक गूगलला आपोआप कळत नाही. तो कळतो स्वागतकक्षातल्या वहीत. ताईंनी प्रत्येक चौकशीपुढे आणखी दोन गोष्टी लिहिल्या, तुम्हाला आमची माहिती कुठून मिळाली आणि शेवटी प्रवेश घेतला का, तर पुढच्या वर्षी हा तक्ता चौकशीच्या खर्चावर न मांडता प्रवेशाच्या खर्चावर मांडता येईल. वेबसाइटवरच्या फॉर्मपुरती ही माहिती फॉर्मसोबत आलेली `gclid` जपून ठेवली, तर गूगल अ‍ॅड्समध्ये परतही चढवता येते. मग कुठला पालक आणायचा हे मोहीमसुद्धा नोकरीच्या अर्जांवरून न शिकता प्रत्यक्ष प्रवेशांवरून शिकेल. सुरुवात मात्र त्या दोन रकान्यांपासून करायची आणि त्यासाठी एक वही पुरते.